‘सीनियर दॅन’ कीं ‘सीनियर टू’?

एका कारकुनानें बढतीच्या अर्जांत लिहिलें : “आय ॲम सीनियर दॅन हिम बाय थ्री इयर्स.” मुख्य कारकुनानें तांबड्या शाईनें ‘दॅन’ खोडून ‘टू’ घातला. अर्जदार बुचकळ्यांत पडला. ‘पेक्षां’ म्हणजे ‘दॅन’ असें तो शाळेंत शिकला होता. शिवाय ‘ओल्डर दॅन’ तर सर्वमान्यच.

भेद आहे तो शब्दांच्या कुळांत. ‘ओल्डर’ हें रूप इंग्रजीनें ‘ओल्ड’ला स्वतःचा ‘अर’ प्रत्यय लावून घडविलें. ‘सीनियर’ मात्र ‘सेनेक्स’, म्हणजे वृद्ध, या लॅटिन शब्दाचें तरभावदर्शक रूप असून तें इंग्रजींत तयारच आलें. ज्युनियर, सुपीरियर, इन्फीरियर हीं त्याचीं भावंडें. इंग्रजी कानाला यांतील तरभाव स्पष्ट ऐकूं येत नाहीं. एकाचें दुसऱ्याशीं नातें सांगणारीं विशेषणें म्हणूनच तीं वावरतात, आणि तें नातें ‘टू’नें जोडलें जातें. हा ‘टू’ लॅटिन व्याकरणांतून आला अशी समजूत कोणी करून घेऊं नये. लॅटिन भाषा तुलनेसाठीं ‘क्वाम’ हें अव्यय योजी, किंवा नामाला अशी विभक्ति लावी कीं, ‘त्याहून थोर’ यांतील ‘हून’चीच आठवण व्हावी.

तरभाव आधींच पोटांत असल्यामुळें ‘मोअर सुपीरियर’ ही द्विरुक्ति ठरते. ‘सीनियर’ची गोष्ट किंचित् निराळी. वरच्या हुद्द्याचा एवढ्याच अर्थानें ‘ए मोअर सीनियर ऑफिसर’ असें आज चांगले लेखकहि लिहितात, आणि तेथें पुढें तुलना आलीच तर ‘मोअर’च्या जोडीला ‘दॅन’च येतो. द्विरुक्तीला हंसण्यापूर्वीं आपल्या घरांतहि डोकावावें : ‘श्रेष्ठ’ हें मुळांत तमभावाचेंच रूप, तरी त्याला पुन्हां ‘तम’ जोडून ‘श्रेष्ठतम’ झालेंच. शेक्सपिअरच्या काळीं दुहेरी तमभाव दोषास्पद नव्हता. ‘ज्युलियस सीझर’मधील अँटनीच्या भाषणांत तो भर सभेंत येतो. आणि आज निमूटपणें चालणारा ‘लेसर’ हा शब्द ‘लेस’वर चढविलेला दुसरा मजलाच नव्हे काय?

त्याच अर्जाच्या शेवटीं “माय एक्स्पीरियन्स इज मोस्ट युनिक” असेंहि होतें. ‘युनिक’च्या मुळाशीं लॅटिन ‘ऊनुस’, म्हणजे एक. वस्तु एकमेव असते किंवा नसते. अद्वितीयांत अधिक अद्वितीय कोण? ‘ऑलमोस्ट युनिक’ मात्र म्हणतां येतें, कारण एकमेवपणाच्या अगदीं जवळ जाणें शक्य आहे. ‘विलक्षण’ या सैल अर्थानें बोलण्यांत ‘व्हेरी युनिक’ पुष्कळ चालतें, आणि शब्दकोशांनीं तो अर्थ नोंदविलाहि आहे. पण अर्ज वाचणारा अधिकारी शब्द तोलून पाहतो. मुख्य कारकुनानें ‘मोस्ट’ खोडल्यावर खरी अडचण उघडी पडली. तें काम जाणणारे त्याच कचेरींत आणखी दोघे होते, म्हणजे अनुभव नुसता ‘युनिक’हि नव्हता. अर्जदारानें थोडा विचार करून तेथें ‘रेअर’ लिहिलें आणि अर्ज पुढें पाठविला.