शंभर शब्दांत एकच मागणी

मंडळी, आज फक्त एका पत्राबद्दल बोलतो. कोसाडच्या आमच्या वसाहतीतल्या एका ताईंनी गुजराती दैनिकाच्या संपादकांना द्यायला पत्र लिहिलं होतं. मर्यादा शंभर शब्दांची, पत्र दोनशे चाळीसचं. म्हणाल्या, "दादा, तुम्हीच कापा."

तक्रार साधी होती. पाणी बंद राहणार असल्याची सूचना जिन्याजवळ फक्त गुजराती लिपीत लागते. खानदेशातून आलेल्या आपल्या बऱ्याच बायांना देवनागरी वाचता येते, गुजराती येत नाही. पण पत्राची सुरुवात १ मे १९६० पासून होती! मग डांग, मग राज्यघटनेचं कलम ३५० अ, मग रस्त्यावरचे दिवे, आणि पाणी सगळ्यात शेवटी.

मी आधी शब्द मोजलेच नाहीत. ताईंना विचारलं, पत्र छापून आल्यावर कुणी नेमकं काय करायचं? त्या म्हणाल्या, "त्याच कागदाखाली आपल्या लिपीतला कागद चिकटवायचा." ही मागणी मी वर लिहून घेतली आणि प्रत्येक वाक्य तिच्याशी लावून पाहिलं. दिवे गेले, तो वेगळ्या पत्राचा विषय आहे. १९६० आणि डांग गेले. खरं असलं तरी पाण्याच्या कागदाशी त्यांचा संबंध नाही.

कलम ३५० अ वर मात्र आमचा वाद झाला. ताईंना वाटे, घटनेमुळे वजन येतं. पण ते कलम भाषिक अल्पसंख्याक मुलांच्या प्राथमिक शिक्षणाचं आहे, सूचनाफलकाचं नाही. ते ठेवलं असतं तर उत्तर देणाऱ्याने तेवढंच पकडलं असतं आणि पाणी बाजूला राहिलं असतं.

"आम्हाला फार त्रास होतो" हेही काढलं. त्याजागी घडलेली गोष्ट घातली. "गेल्या मंगळवारी"ऐवजी तारीख लिहिली, कारण पत्र कधी छापतील सांगता येत नाही. उरलं ते असं:

"कोसाडच्या आमच्या वसाहतीत पाणी बंदची सूचना जिन्याजवळ फक्त गुजराती लिपीत लागते. ती देवनागरीतही लावावी. येथील अनेक महिलांना देवनागरी वाचता येते, गुजराती येत नाही. ११ मार्चला याच कारणाने आमच्या जिन्यातील चार घरांनी पाणी भरून ठेवले नव्हते. दिवसभर शेजाऱ्यांकडून आणावे लागले."

मागणी दुसऱ्याच वाक्यात आली, हे मुद्दाम केलं. जागा कमी पडली की संपादक बहुतेक शेवटाकडून कापतात. शेवटचं वाक्य उडालं तरी पत्र उभं राहतं.

शंभराच्या खूप आत बसल्यावर ताईंना दिवे परत घालावेसे वाटले. मी नको म्हटलं. मोकळी जागा भरायलाच हवी असं नाही. मग गुजरातीत भाषांतर केलं आणि शब्द पुन्हा मोजले, कारण मर्यादा त्या मजकुराला लागते. दिव्यांचं पत्र ताई आता वेगळं लिहिताहेत.