सूर सापडले, ताल हरवला

आज एकच गाणं घेऊया. बाराव्या शतकात दक्षिण फ्रान्समध्ये स्वतः गाणी रचणारे त्रुबादूर होते. त्यांच्यात बायकाही होत्या; पण त्यांच्यापैकी फक्त दियाच्या काउंटेसच्या एका गाण्याची चाल आज शिल्लक आहे. तीही कुठे? उत्तरेकडच्या त्रुव्हेर कवींच्या गाण्यांनी भरलेल्या, तेराव्या शतकातल्या हस्तलिखितात. ते पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे.

त्यात ओळींवर चौकोनी खुणा आहेत. सूर कोणता ते कळतं, तो किती वेळ धरायचा ते नाही. साथीच्या वाद्याचाही उल्लेख नाही. म्हणून मी ऐकलेल्या एका रेकॉर्डिंगमध्ये झुलता ठेका आहे, दुसऱ्यात ठेकाच नाही. चूक कोणीच नाही. तिथे कागदच गप्प आहे.