फरशीवरचा गंजाचा गोल डाग: घासायचा नाही, विरघळवायचा

आजचा भाग तुमच्या पायाखालचा आहे, अगदी शब्दशः. बाथरूममध्ये शेव्हिंग फोमचा कॅन उचलला की खाली तपकिरी गोल. ड्राय बाल्कनीत पत्र्याची बादली हलवली की मोठा गोल. गॅलरीत तेलाच्या डब्यात तुळस लावलेली असेल, तर तिथे चौकोन. फरशी पांढरी किंवा क्रीम असली की हा डाग दारातूनच दिसतो. भाड्याच्या फ्लॅटमध्ये तर याला थेट किंमत असते, कारण घर सोडताना मालक आधी भिंती बघतो आणि मग फरशी.

बहुतेक जण काय करतात? आधी फिनाइल, मग ब्लीच, मग तारेची घासणी आणि शेवटी दुकानातलं ॲसिड. या चारही गोष्टींनी डाग एक तर तसाच राहतो, नाहीतर फरशीचं नुकसान होतं. का, ते समजून घेऊ. कारण कळलं की उपाय सोपा आहे आणि वीस-तीस रुपयांत होतो.

आधी एक प्रश्न. डाग गोल रेषेसारखा का असतो? पूर्ण थाळीसारखा का नसतो? डब्याचा तळ नीट उलटा करून बघा. कडेला पत्रा दुमडून एक उंच किनार केलेली असते, आणि डबा फक्त त्या किनारीवर उभा असतो. पाणी सांडलं की ते किनार आणि फरशी यांच्यामधल्या बारीक फटीत ओढलं जातं आणि तिथेच अडकतं. बाकी फरशी अर्ध्या तासात वाळते, ती फट मात्र दिवसभर ओली राहते.

आता पत्र्याचं बघू. आपण सरसकट ‘स्टील’ म्हणतो, पण हे स्वयंपाकघरातल्या ताटवाटीचं स्टेनलेस स्टील नव्हे. तेलाचा डबा म्हणजे साधं पोलाद आणि वर कथिलाचा पातळ थर. पितळेच्या भांड्यांना कल्हई करतात ना, तेच कथिल. पत्र्याच्या बादलीवर जस्ताचा थर असतो. डबा रोज सरकवला की सगळ्यात आधी किनारीवरचा थर झिजतो आणि आतलं लोखंड उघडं पडतं. पाण्यात थोडं लोखंड विरघळतं. विरघळलेलं असताना त्याला फारसा रंग नसतो. ते फटीच्या तोंडाशी आलं, हवेतला ऑक्सिजन मिळाला, की त्याचा गंज होऊन ते तिथेच बसतं. म्हणजे गंज नुसता डब्यावरून झडून खाली पडत नाही. तो पाण्यातून येतो आणि फरशीवरच तयार होतो. म्हणूनच तो इतका घट्ट चिकटतो आणि जिथे बारीक छिद्र असेल तिथे आत शिरतो.

इथेच ब्लीचचं उत्तर मिळतं. ब्लीच ऑक्सिडेशन करून रंग घालवतं. चहा, हळद, बुरशी यांवर ते चालतं. पण गंज म्हणजे आधीच ऑक्सिडेशन झालेलं लोखंड. त्याच्यावर ब्लीच टाकून काही उपयोग नाही. उलट थोडं लोखंड अजून विरघळलेल्या रूपात असेल तर त्याचाही गंज होतो आणि डाग पक्का होतो.

तारेची घासणी का नको? ती टाइलच्या चकाकीवर ओरखडे पाडते. शिवाय ती स्वतः लोखंडी असेल तर तिचे बारीक तुकडे सांध्यांत अडकतात आणि चार दिवसांनी ठिपक्यांचा नवा गंज उगवतो.

मग काय करायचं? गंज घासायचा नाही, विरघळवायचा. त्यासाठी सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबाच्या आंबटपणामागचं आम्ल. किराणा दुकानात साखरेसारख्या दाण्यांत मिळतं, काही दुकानदार त्याला लिंबूसत्त्व म्हणतात. हे दोन कामं करतं: गंज विरघळवतं आणि सुटलेलं लोखंड धरून ठेवतं, म्हणजे ते परत फरशीवर बसत नाही. दुसरं काम महत्त्वाचं आहे.

पण थांबा, त्याआधी फरशी कुठली आहे ते बघा. सिरॅमिक आणि व्हिट्रिफाइड टाइलला हे आम्ल चालतं. संगमरवर, शहाबादी, कोटा किंवा जुन्या घरांतली सिमेंटची मोझेक फरशी असेल, तर अजिबात नाही. या सगळ्यांत चुना असतो आणि आम्ल तो खातं. डाग जाईल, पण त्या जागी कायमचा निस्तेज खड्डेरी पट्टा राहील. खात्री नसेल तर कपाटाखालच्या कोपऱ्यात लिंबाच्या रसाचा एक थेंब टाका आणि मिनिटभर जवळून बघा. बुडबुडे आले किंवा पुसल्यावर चमक गेली, तर तिथे आम्ल नको. ही चाचणी कोरड्या, न वापरलेल्या कोपऱ्यातच करा. नळाखाली बोअरच्या पाण्याचा पांढरा क्षार साचलेला असतो, तोही बुडबुडे देतो आणि टाइल चांगली असूनही तुमची फसगत होते.

आता प्रत्यक्ष उदाहरण सांगतो. माझा एक मित्र पुण्यात कोथरूडचा फ्लॅट सोडत होता. ड्राय बाल्कनीत क्रीम रंगाच्या सिरॅमिक टाइल. एका कोपऱ्यात १५ किलोच्या तेलाच्या डब्याचा चौकोन, दुसरीकडे पत्र्याच्या बादलीचा गोल. घरमालक काका बघायला आले आणि म्हणाले, “हे निघणार नाही. या डिझाइनची टाइल आता मिळत नाही, म्हणजे अख्ख्या बाल्कनीची फरशी बदलावी लागेल. ते पैसे डिपॉझिटमधून जातील.” मित्राचा मला फोन, “अरे, शनिवारी चावी द्यायची आहे, काहीतरी कर.”

आम्ही केलं ते असं. आधी जागा साध्या साबणाने धुतली आणि भरपूर पाणी ओतलं, कारण त्याने आदल्या दिवशी तिथे ब्लीच टाकलं होतं. हे नीट ऐका: ब्लीच किंवा ब्लीचिंग पावडर आणि कुठलंही आम्ल एकत्र आलं की क्लोरीन वायू निघतो. बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. म्हणून आधी धुणं, मग खिडकी उघडी, हातात रबरी मोजे.

मग एक कप गरम पाण्यात दोन मोठे चमचे सायट्रिक ॲसिड विरघळवलं. टाइलमधल्या सांध्यांवर साधं पाणी शिंपडून ते ओले केले. सांध्यात सिमेंट असतं, तेही आम्ल खातं. आधीच पाणी प्यायलेला सांधा आम्ल कमी शोषतो. मग टिश्यू पेपरच्या चार घड्या द्रावणात भिजवून डागावर बसवल्या आणि वरून कापलेली दुधाची पिशवी पसरली. नुसतं द्रावण ओतलं तर ते वाहून जातं आणि वाळतं. टिश्यू ते डागावरच धरून ठेवतो, पिशवी वाळू देत नाही.

अर्ध्या तासाने उचलून बघितलं. डब्याच्या डागावरचा टिश्यू हिरवट-पिवळा झाला होता. हीच खूण: रंग टिश्यूत आला म्हणजे लोखंड सुटतंय. जुन्या टूथब्रशने हलकं घासलं, धुतलं, नवीन टिश्यू लावला. दुसऱ्या फेरीनंतर टाइल स्वच्छ.

बादलीच्या गोलाने मात्र पहिल्या फेरीत दादच दिली नाही. टिश्यू जवळपास पांढराच, खाली थोडे बुडबुडे. कारण गंजावर बोअरच्या क्षाराचा थर चढला होता आणि पहिलं आम्ल तोच विरघळवण्यात संपलं. पहिल्या फेरीत काही झालं नाही म्हणून बरेच जण इथे सोडून देतात. दुसऱ्या फेरीत टिश्यू पिवळा झाला, तिसऱ्या फेरीत गोल गेला.

दोन गोष्टी तरीही राहिल्या. सांध्यात एक पिवळी रेघ आणि एका टाइलच्या टवक्यात एक तपकिरी ठिपका. टाइलची चकाकी म्हणजे काचेसारखा थर असतो, गंज त्याच्यावर बसतो. तो थर जिथे उडाला, तिथे खालची माती स्पंजासारखी असते आणि गंज खोल जातो. तो वरून निघत नाही. सांध्यात आणखी आम्ल घालत बसलो असतो तर सिमेंट भुसभुशीत झालं असतं. म्हणून थांबलो, जागा पाण्याने धुतली, मग चमचाभर खाण्याचा सोडा मगभर पाण्यात घालून सांध्यांवर फिरवला, म्हणजे उरलेलं आम्ल मरतं. वाळल्यावर ती रेघ वरवर खरवडून पांढऱ्या सिमेंटने भरली. शनिवारी काकांनी ठिपका बघितला, पण फरशी बदलायचा विषय तिथेच संपला.

दुकानातल्या कडक ॲसिडबद्दल विचाराल. ते गंज झटकन विरघळवतं, पण सांध्यातलं सिमेंटही तितक्याच झटकन खातं. शिवाय विरघळलेलं लोखंड त्या पिवळसर पाण्याबरोबर सांध्यात उतरतं. “डाग गेला, पण सगळ्या फटी पिवळ्या झाल्या” असं लोक म्हणतात, ते यामुळे. दोन-तीन फेऱ्यांनंतर टिश्यूला रंग येणं बंद झालं आणि तरी डाग दिसतोय, तर तो आत गेलाय किंवा तो गंजच नाही. दोन्ही बाबतींत आणखी कडक आम्ल हे उत्तर नव्हे.

आणि डाग गेल्यावर तोच डबा परत तिथेच ठेवू नका. मूळ कारण ती ओली फट आहे. डब्याखाली विटेचे दोन तुकडे ठेवा, बादली खुंटीला लावा, फोमच्या कॅनच्या कोरड्या किनारीवर नेलपॉलिशचा एक हात फिरवा. फट राहिली नाही किंवा लोखंड उघडं राहिलं नाही, की गोलही उमटत नाही.

तुमच्या फरशीवर कुठला गोल आहे, किती फेऱ्या लागल्या, कमेंटमध्ये कळवा. भेटू पुढच्या भागात!