दोन पाळ्यांमधील विसावा

वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय सर्वांच्या परिचयाचे आहे. अशा रुग्णालयांत परिचारिकांच्या पाळ्यांचे पत्रक दर आठवड्यास तयार होते. ते करताना दोन पाळ्यांमधील विसावा कोठे हरवतो, एवढेच आज पाहावयाचे आहे.

आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने 1977 साली परिचारिकांविषयी जी शिफारस केली, तीत दोन पाळ्यांमध्ये सलग 12 तासांचा विसावा सुचविला आहे. तोच दंडक आपण धरू. एका कक्षात चार परिचारिका आहेत असे समजा. सकाळपाळी 7 ते 2, दुपारपाळी 2 ते 9 आणि रात्रपाळी 9 ते सकाळी 7. दुपारपाळी करणारीस दुसऱ्या दिवशी सकाळी बोलाविले, तर मध्ये 10 तासच उरतात. रात्रपाळी संपते त्याच दिवशी दुपारी बोलाविले, तर 7. आणि त्याच सकाळी बोलाविले, तर शून्य! या तीन जोड्या तेवढ्या वर्ज्य होत.

म्हणून क्रम पुढे सरकता ठेवावा: दोन सकाळ, दोन दुपार, दोन रात्र, मग दोन दिवस सुटी. प्रत्येकीने दोन दोन दिवसांच्या अंतराने हा क्रम धरला, म्हणजे रोज प्रत्येक पाळीस एक परिचारिका मिळते आणि चौथी सुटीवर असते. हे चक्र आठ दिवसांचे आहे. आठवडा मात्र सात दिवसांचा. घोटाळा नेमका येथेच होतो.

सोमवारी पहिली सकाळपाळीने आरंभ करते, दुसरी दुपारपाळीने, तिसरी रात्रपाळीने आणि चौथी सुटीने. चौथीच्या ओळीत सुटी, सुटी, सकाळ, सकाळ, दुपार, दुपार, रात्र असे सात दिवस येतात. पुढील आठवड्यास, सर्वांना समान वाटा मिळावा या हेतूने, पत्रक करणारा प्रत्येकीस एकेक ओळ खाली सरकवितो. चौथी साहजिकच पहिल्या ओळीत जाते आणि सोमवारी सकाळपाळीवर येते. रविवारी रात्री 9 वाजता कामावर आलेली स्त्री सोमवारी दुपारी 2 वाजता मोकळी होते: सलग 17 तास! औषधाची मात्रा मोजणारे हात तेच असतात. दोन्ही पत्रके निरनिराळी पाहिली असता त्यांत एकही दोष दिसत नाही. दोष त्यांच्या सांध्यात आहे.

उपाय सोपा आहे. नव्या पत्रकाच्या डाव्या कडेस गेल्या रविवारचा रकाना उतरून घ्यावा आणि प्रत्येक ओळ तेथून पुढे चालवावी. मग चौथीस सोमवारी दुसरी रात्रपाळी येते आणि त्यानंतर दोन दिवस सुटी. पत्रक लागल्यावर दोघींनी आपसांत पाळी बदलली, तर दोघींचाही आदला आणि नंतरचा दिवस याच तीन जोड्यांसाठी पुन्हा तपासावा. रात्रपाळी ज्या तारखेखाली लिहिली जाते, त्या तारखेस ती संपत नाही, हे मात्र मोजताना विसरू नये.