महिन्याची शेवटची तारीख काढायची कशी?

समजा, नागपुरात प्रताप नगरला तुम्ही १२ फेब्रुवारी २०२४ पासून खोली घेतली. भाडं महिन्याला ८,७०० रुपये. पहिल्या महिन्याचं किती द्यायचं? महिना सरसकट तीसचा धरला, तर १९ दिवसांचे ५,५१० होतात. पण तो फेब्रुवारी २९ चा होता, म्हणजे दिवस १८ आणि रोजचे ३०० रुपये. नेमके ५,४०० झाले.

हे २९ शीटला शोधू द्या. A2 मध्ये तारीख टाका, आणि दुसऱ्या सेलमध्ये:

```
=EOMONTH(A2,0)
```

शून्य म्हणजे हाच महिना. १ लिहिलं तर पुढचा, -१ लिहिलं तर मागचा. उत्तर 45351 असं दिसलं तर घाबरू नका. शीट तारखा आकड्यांतच साठवते. सेलचा फॉरमॅट डेट करा, २९ फेब्रुवारी दिसेल. राहिलेले दिवस असे काढा:

```
=EOMONTH(A2,0)-A2+1
```

आता दुसरी युक्ती, शून्य तारखेची:

```
=DATE(YEAR(A2),MONTH(A2)+1,0)
```

पुढच्या महिन्याची १ तारीख असते ना, तिच्या आदल्या दिवसाला शीट ० तारीख मानते. म्हणून १ मार्चच्या आधीचा दिवस, २९ फेब्रुवारी. डिसेंबरमध्ये महिना १३ होतो, तरी बरोबर ३१ डिसेंबरच येतं.

एक गोष्ट मात्र तपासा. गूगल शीटचं लोकेल अमेरिकेचं असेल, तर 12/02/2024 म्हणजे २ डिसेंबर समजलं जातं. उत्तर ३१ डिसेंबर आलं, की ओळखा. फाइलमधल्या सेटिंग्जमध्ये लोकेल इंडिया करा आणि तारीख पुन्हा टाका. मग घरमालकांना हिशोब दाखवा!