दोन मिनिटांची फिल्म आणि सहा आठवडे

आम्ही तिघी घरून काम करतो. एक कोल्हापुरात लिहिते, एक गडहिंग्लजला चित्रं काढते आणि तिसरी पुण्यात बसून ती चित्रं हलवते. एका बचत गटासाठी आम्ही भेंडीचा चिक घालून केलेल्या गुळावर दोन मिनिटांची माहितीची फिल्म केली. "दोन मिनिटांना सहा आठवडे?" असं सगळ्यांनीच विचारलं.

पहिला आठवडा शब्दांचा. सावकाश बोललं तर सेकंदाला साधारण दोन शब्द होतात, म्हणजे दोन मिनिटांत दोनशे चाळीस. पण काहिलीत उकळणारा रस नुसता बघायलाही वेळ हवा, म्हणून आम्ही दोनशे शब्दांवर थांबलो. तोवर चित्रवालीने गुळव्या, चुलवाण आणि रंग ठरवून घेतले. ती रिकामी बसली नाही.

दुसऱ्या आठवड्यात पेन्सिलीची वीस चित्रं काढली आणि फोनवर आमच्याच आवाजात वाचून ती एकामागून एक लावली. ही कच्ची फिल्म दिसायला ओबडधोबड असते, पण सगळ्या सुधारणा इथेच करून घ्यायच्या. गटाकडून "छान आहे" एवढाच निरोप आला, तर कुणी नीट बघितलेलं नाही असं समजावं. म्हणून आम्ही फिल्म न पाहिलेल्या दोघींना ती दाखवून विचारलं, भेंडीचा चिक कधी घालायचा? दोघी अडखळल्या. मळी वर येताना दिसत होती, पण त्याआधी चिक घालणारा हात चित्रात नव्हताच. तो वाढवला.

गटाच्या उत्तरासाठी आम्ही वेळापत्रकात तीन दिवस मोकळे धरले होते. गावात सगळ्याजणी एकत्र जमायला तेवढे लागतातच.

तिसऱ्या आठवड्यात पक्का आवाज रेकॉर्ड केला. हा म्हणजे साच्यात ओतलेला पाक. पुढची हालचाल त्या आवाजाच्या मापाने बसते. नंतर सहा सेकंदांचं एक वाक्य घुसवलं, तर त्यापुढचं सगळं सरकवावं लागतं. याच आठवड्यात पक्की चित्रं झाली. त्यात झारा धरलेला हात अंगापासून वेगळा काढायचा, नाहीतर पुण्याच्या मैत्रिणीला तो हलवता येत नाही.

चौथा-पाचवा आठवडा तिचा. रोज पंधरा सेकंद धरले, तर एकशेवीस सेकंदांना आठ दिवस. दहातले दोन दिवस वीज आणि नेटसाठी राखले. दर दोन दिवसांनी झालेला तुकडा आम्हा दोघींकडे यायचा.

पाचव्या आठवड्यात गटातून मागणी आली, गुळाचा भाव पण सांगा. आवाजाला हात न लावता तो शेवटच्या चित्रावर लिहिला. भाव बदलला की तेवढी पाटी पुसून नवी लावता येते.

सहाव्या आठवड्यात चुलीचा आवाज, थोडं संगीत आणि खाली अक्षरं घातली. शेवटी साध्या फोनवर, उन्हात उभं राहून पाहिलं. अक्षरं बारीक पडली होती, ती मोठी केली.