गोष्ट संपली की गप्प बसा

(वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



संस्कारवर्ग म्हणजे काय, हे मी इथे सांगत बसत नाही. शुभंकरोती, मनाचे श्लोक आणि शेवटी खाऊ, यातूनच तुमच्यातले बरेच जण मोठे झालेत. साने गुरुजीही तुम्हाला नव्याने सांगायला नकोत. मला आज एकच म्हणणं मांडायचंय. आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दर रविवारी सकाळी दीड तास वर्ग भरतो आणि तिथे मी ते कटाक्षाने पाळते. गोष्ट सांगून झाली की मोठ्या माणसाने तात्पर्य सांगायचं नाही. निवाडा मुलांनी करायचा आणि आपण गप्प बसायचं.

पहिल्या रांगेतल्या काकांनी मान हलवली, ती मला दिसली. (हशा) काका, तुमच्याकडे शेवटी येते.

जाँ पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञाने १९३२ साली मुलांच्या नैतिक विचारावर एक पुस्तक लिहिलं. त्यात तो मुलांना गोष्टींची जोडी सांगतो. एका मुलाला जेवायला हाक मारतात, तो दार ढकलून आत येतो. दारामागे खुर्चीवर ट्रे आणि ट्रेमध्ये पंधरा कप आहेत, हे त्याला माहीत नसतं. सगळे कप फुटतात. दुसरा मुलगा आई घरात नसताना कपाटातला मुरंबा चोरून काढायला खुर्चीवर चढतो. धक्का लागून एक कप फुटतो. आता सांगा, जास्त वाईट कोण वागलं? लहान मुलं बहुधा पंधरा कपवाल्याकडे बोट दाखवतात, थोडी मोठी झालेली मुरंबावाल्याकडे. लहानांचं लक्ष नुकसानीकडे असतं, मोठ्यांचं मनात काय होतं याकडे.

हीच जोडी मी आमच्या वर्गात सांगितली. सहा वर्षांची एक मुलगी ताडकन म्हणाली, "पंधरा फुटले की!" नऊ वर्षांचा मुलगा म्हणाला, "पण त्याला कुठे माहीत होतं?" त्यावर ती म्हणाली, "मग दार हळू उघडायचं ना!" मंडळी, यात केवढा विचार आहे बघा. हेतू चांगला असला तरी सावधगिरीची जबाबदारी उरतेच, हे ती तिच्या भाषेत सांगत होती. 'बाळांनो, हेतू महत्त्वाचा' असं मी आधीच सांगून टाकलं असतं, तर तिचं वाक्य तोंडातच राहिलं असतं. म्हणून मी दोन्ही बाजू फळ्यावर लिहिते आणि मान कुठल्याच बाजूला डोलवत नाही. मुलं आपला चेहरा वाचतात. उत्तराच्या शेवटी "हो ना ताई?" यायला लागलं की ओळखावं, मूल गोष्टीचा विचार करत नाहीये, आपल्याला काय हवंय त्याचा अंदाज घेतंय.

शिक्षेच्या गोष्टींचंही थोडक्यात सांगते. 'लांडगा आला रे आला' आपण पिढ्यानपिढ्या सांगत आलो. २०१४ साली कॅनडातल्या कांग ली आणि सहकाऱ्यांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. तीन ते सात वर्षांच्या मुलांना सांगितलं होतं, की मागे ठेवलेलं खेळणं वळून बघू नका, आवाजावरून ओळखा. मग त्यांना एकटं सोडलं. अर्थात, बऱ्याच जणांनी बघितलं. त्यानंतर काहींना लांडग्याची गोष्ट सांगितली, काहींना खोटं बोलून नाक वाढणाऱ्या पिनोकिओची आणि काहींना चेरीचं झाड तोडल्याचं कबूल करणाऱ्या छोट्या जॉर्ज वॉशिंग्टनची. मग विचारलं, "बघितलंस का?" पहिल्या दोन गोष्टींनी खरं बोलणं वाढलं नाही. वॉशिंग्टनच्या गोष्टीने वाढलं, कारण तिथे खरं बोलणाऱ्याचं कौतुक होतं. तीच गोष्ट कौतुकाचा शेवट बदलून सांगितली, तेव्हा तिचाही परिणाम दिसला नाही. लांडग्याची गोष्ट मी आजही सांगते. पण ती ऐकून मूल खरं बोलायला लागेल, ही अपेक्षा ठेवत नाही.

आता खेळ. इथे मला जरा वेळ लागणार आहे. संगीत खुर्ची आम्ही बंद केली, कारण ज्याला खेळायची सर्वात जास्त गरज, तोच पहिल्या फेरीत बाद होऊन कोपऱ्यात बसतो. आम्ही लगोरी खेळतो. हॉलमध्ये ट्यूबलाइट आहेत, म्हणून जुन्या मोज्यांचा चेंडू आणि सात लाकडी ठोकळे. पंच नाही.

एकदा असं झालं. एक मुलगी सातवा ठोकळा रचत होती, तेवढ्यात चेंडू तिच्या फ्रॉकच्या घेराला लागला. एकीकडे "आऊट!" दुसरीकडे "फ्रॉकला लागला, मला नाही!" सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी जाजमावर बसले. आमचा शिरस्ता असा, की भांडण झालं की सगळ्यांनी बसायचं, ज्यांनी बघितलं त्यांनीच बोलायचं आणि सर्वात लहान असेल त्याने आधी. सर्वात लहान होता पाच वर्षांचा कच्चा लिंबू. तो म्हणाला, "फ्रॉकलाच लागला. मी बघितला." लगेच दुसऱ्या बाजूने, "तो कच्चा लिंबू आहे, त्याचं धरायचं नाही!"

झालं, आऊटचं राहिलं बाजूला. (हशा) कच्च्या लिंबाला आऊट धरत नाहीत, मग त्याची साक्ष धरायची का? बरीच वादावादी झाली. शेवटी एकजण म्हणाला, "त्याला पळता येत नाही म्हणून तो कच्चा. डोळे तर चांगले आहेत." साक्ष मान्य झाली. मग प्रश्न आला, कपडा म्हणजे अंग का? ती मुलगी म्हणाली, "तुमचे टी-शर्ट अंगाला चिकटलेले, आमचे फ्रॉक घेराचे. कपडा धरला तर आम्हीच जास्त आऊट होणार." यावर कोणाकडे उत्तर नव्हतं. ठरलं असं, की कपडा कोणाचाच धरायचा नाही. हा नियम पुढच्या डावापासून, कारण मधेच नियम बदलणं बरोबर नाही. आणि हा डाव पुन्हा. नियम सगळ्यांना सारखा असूनही एखाद्यावर अन्याय करू शकतो, हे मी कुठल्या श्लोकातून शिकवणार होते?

चिठ्ठी आली. पाच मिनिटं म्हणतात. हो, आवरते.

मर्यादा सांगायलाच हव्यात. हात उचलला, किंवा कोणाच्या रंगावरून, जातीवरून चिडवलं, तर तिथे बैठक नाही. तिथे मोठ्याने त्याच क्षणी थांबवायचं. दुसरं, मोठ्या आवाजाचं एक मूल दरवेळी नियम ठरवायला लागतं. बैठकीच्या वेळी लहान मुलं पाणी प्यायला उठायला लागली, की समजावं हे सुरू झालंय. मग दोन रविवार त्या मुलाकडे फक्त नियम वहीत लिहायचं काम द्यावं. तिसरं कडू आहे. हार्टशोर्न आणि मे यांनी अमेरिकेत हजारो मुलांना कसोट्या दिल्या आणि १९२८ साली निष्कर्ष छापले. एका ठिकाणी प्रामाणिक राहिलेलं मूल दुसऱ्या ठिकाणी सर्रास लबाडी करताना दिसलं. तेव्हा रविवारी लगोरीत खरं बोलणारं मूल सोमवारी गणिताच्या पेपरात कॉपी करणार नाही, अशी हमी मी देत नाही. म्हणूनच भांडणाचे विषय मी बदलत राहते. कधी खेळ, कधी खाऊची वाटणी, कधी कोणाची तरी हरवलेली पट्टी.

काका, तुमचं म्हणणं, की मग पाठांतर सोडायचं का? अजिबात नाही. श्लोक म्हणा, जीभ वळते, पाठांतराची सवय लागते, मोठेपणी अर्थही लागतो. माझा आग्रह गोष्टीपुरता आणि खेळापुरता आहे.

शेवटचं, पालकांसाठी. वर्ग सुटल्यावर दारातच तुम्ही विचारता, "आज काय शिकलास?" मूल म्हणतं, "खरं बोलावं," आणि चप्पल शोधायला लागतं. त्याऐवजी विचारा, "आज भांडण कशावरून झालं, आणि तू काय म्हणालास?" मग स्कूटरला किक मारायची घाई करू नका, उत्तर लांबतं. आता प्रश्न असतील तर घेऊ, अध्यक्षांची परवानगी असेल तर.